फेरोसीनची पीकं लांब गेली म्हणून लगेच निकाल देऊ नका

प्रश्न: ग्लासी कार्बनवर फेरोसीनचा सीव्ही, म्हणजे सायक्लिक व्होल्टामोग्राम घेतला. ५७ ऐवजी जवळपास १०० मिलिव्होल्ट पीक सेपरेशन येतंय आणि स्कॅन रेट वाढवला की आणखी वाढतं. गाईड म्हणतात, कपल क्वासी-रिव्हर्सिबल आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन ट्रान्सफर मंद आहे. खरंय का?

बहुधा नाही. फेरोसीनवर आळ घेण्याआधी सेलचा रोध बघा.

३ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ५ मिलिमोलर फेरोसीन आणि स्कॅन रेट सेकंदाला १०० मिलिव्होल्ट धरला, तर पीक करंट १५० मायक्रोअँपियरच्या आसपास येतो. भरपाई न झालेला रोध २०० ओहम असेल (सेंद्रिय द्रावकात तो सहज असतो), तर पुढच्या पीकवरच ३० मिलिव्होल्ट खाल्ले गेले. परतीच्या पीकवर शून्यापासून मोजलेला करंट कमी, म्हणून तिथे थोडे कमी जातात. मूळ ५७ मध्ये हे मिळवा, शंभरी गाठली. स्कॅन रेट वाढवला की करंट त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, त्यामुळे सेपरेशनही वाढतं. मंद इलेक्ट्रॉन ट्रान्सफरही हुबेहूब असाच दिसतो. नुसते स्कॅन रेट बदलून दोघांतला फरक कळणार नाही.

कळतो तो कॉन्सन्ट्रेशन बदलून. सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोडच्या जागा तशाच ठेवून फेरोसीन १ मिलिमोलरवर आणा. करंट पाचपट उतरतो, म्हणून दोष रोधाचा असेल तर सेपरेशन ६५-७० वर येईल. कायनेटिक्सला कॉन्सन्ट्रेशनशी देणंघेणं नाही. तिथे शंभरचे शंभरच राहतील. फक्त आर्गॉन सोडताना आधी तो अ‍ॅसिटोनायट्राइलच्या बबलरमधून न्या, नाहीतर द्रावक उडून द्रावण गुपचूप घट्ट होतं.

ही चाचणी न करता, सेपरेशनवरून वेग काढायच्या निकोल्सनच्या तक्त्यात १०५ मिलिव्होल्ट घातले तर इलेक्ट्रॉन ट्रान्सफरचा वेग-स्थिरांक सेकंदाला ०.००९ सेंटिमीटर निघतो. फेरोसीनचा खरा वेग त्याच्या शंभरपट तरी आहे. असे आकडे प्रबंधांत छापलेले असतात आणि व्हायव्हात कुणी विचारत नाही, हे माझं जुनं दुखणं. ‘पीक करंट विरुद्ध स्कॅन रेटचं वर्गमूळ सरळ रेषेत, म्हणून रिव्हर्सिबल’ हाही त्यातलाच प्रकार. पूर्ण इरिव्हर्सिबल कपलचीही रेषा सरळच येते; ती एवढंच सांगते की रेणू डिफ्यूजनने येताहेत. आणि मुंबईच्या उकाड्याला दोष देऊ नका. एसी बंद पडून ३२ अंश झाले तरी ५७ चे जेमतेम ५८ होतात.

उपाय म्हणजे रेफरन्सचं टोक वर्किंग इलेक्ट्रोडच्या जवळ आणा, इलेक्ट्रोलाइट वाढवा, पोटेन्शिओस्टॅटवर रोध मोजून ८०-८५ टक्के भरपाई लावा. हावरटपणा केला तर वक्र थरथरायला लागतो.

हे सगळं फेरोसीनपुरतं. पाण्यातल्या फेरिसायनाइडला कार्बनचा पृष्ठभाग फार झोंबतो. तिथे कॉन्सन्ट्रेशन उतरवूनही सेपरेशन हललं नाही, तर आधी ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनावर इलेक्ट्रोड घासा.