लंडनला जाताना इन्सुलिन कोणत्या घड्याळाने?

प्रश्न: आई म्हापशाहून मुंबईमार्गे लंडनला तीन आठवडे येतेय. रात्री 10 ला लॅन्टस, जेवणाआधी नोव्होरॅपिड. विमानात वेळा कशा पाळायच्या?

लॅन्टसची वेळ बदलूच नका. "उतरलात की तिथली रात्र धरा" असं सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथल्या रात्री 10 पर्यंत थांबलात तर दोन डोसांत साडेएकोणतीस तास जातात. लॅन्टस साधारण 24 तास पुरतं, त्यामुळे पहाटेपर्यंत साखर चढलेली दिसते. परतताना उलटं: साडेअठरा तासांतच दुसरा डोस, म्हणजे दोन डोस एकमेकांवर चढतात आणि झोपेत साखर उतरायची भीती. आपले रात्रीचे 10 म्हणजे तिथले दुपारचे साडेचार. तीन आठवडे रोज चहाच्या वेळी टोचलं की झालं (उन्हाळ्यात साडेपाच). एक घड्याळ गोव्याच्या वेळेवरच ठेवा.

नोव्होरॅपिड मात्र घड्याळाने नाही, ताटाने. समजा विमान मुंबईहून दुपारी 2 ला सुटलं. पहिलं जेवण साडेतीनच्या सुमारास, दुसरं उतरायच्या आधी, आपल्या रात्री 10 च्या आसपास. त्याच वेळी लॅन्टसही, वेगळ्या जागी. ट्रॉली दिसली म्हणून टोचू नका. हवा खराब झाली की ट्रॉली मागे फिरते, आणि इन्सुलिन मात्र कामाला लागलेलं असतं. ट्रे समोर आला, झाकण उघडलं, भात-पाव किती आहे ते बघितलं, मग टोचायचं. डायबेटिक मील मागवू नका असं माझं स्पष्ट मत. त्यात पिष्ट कधी इतकं कमी असतं की नेहमीचा डोस जास्त होतो.

घोळ होतो तो लंडनला पोचल्यावर. तिथे रात्री 8 ला नातेवाईक शीतकडी वाढतात, आपल्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो. हे त्या दिवसाचं जादा जेवण. त्यासाठी नोव्होरॅपिड लागेल, पण आधीचा डोस साडेतीन तासांपूर्वीचाच आहे. म्हणून साखर तपासा, फक्त जेवणापुरता डोस घ्या. वाढलेली साखर उतरवायला वरचे युनिट तेव्हा नकोत.

पेनला सुई लावून ठेवू नका. वर गेल्यावर आतली हवा फुगून इन्सुलिन गळतं, खाली येताना बुडबुडे आत ओढले जातात. टोचायच्या वेळी नवी सुई, 2 युनिट हवेत सोडून थेंब दिसला की मगच डोस. पेनं हातातल्या बॅगेतच. खालच्या सामानात गोठलं तर ते फेकून द्यायचं. साखर उतरली तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून. डब्यातला दोदोल तेव्हा उपयोगाचा नाही, त्यातल्या नारळाच्या स्निग्धाने साखर रक्तात उशिरा पोचते.

हो, आणि हे सगळं लॅन्टस-नोव्होरॅपिडचं. मिक्सटार्डसारखं मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, कारण त्याचा प्रत्येक डोस जेवणाला बांधलेला असतो. त्यांनी वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आईचे युनिटही त्यांनाच विचारा, मी फक्त वेळा सांगतोय.