शेजारी किल्ली ठेवायला घरमालकांना कसं विचारू?

दोन महिने पुण्याला जातेय. बडोद्यात दांडिया बाजारात भाड्याने राहते. समोरच्या काकूंकडे जादा किल्ली ठेवली तर चालेल?

आधी फोन करा, पण होकार लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचाही चालेल. घर दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये, असं कलम बऱ्याच भाडेकरारांत असतं. म्हणून किल्ली कशासाठी, ते स्पष्ट लिहा:

"काका, ५ जुलै ते ४ सप्टेंबर मी नाही. भाडं वेळेवर येईल. जादा किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवू का? फक्त अधूनमधून गॅलरीची जाळी बघायला आणि गळती वगैरे झाली तर उघडायला. कुणी राहणार नाही. त्यांचा नंबर देते."

उत्तर येईपर्यंत किल्ली देऊ नका. पावसाळ्यात गॅलरीची जाळी पानांनी तुंबली की पाणी खोलीत शिरतं, तेवढं काकूंना अधूनमधून बघायला सांगाच.