लॅटिनमधलं ‘म्हणाला की’ आणि इन्फिनिटिव्हचा काळ

प्रश्न: इंग्रजी पुस्तकावरून घरीच लॅटिन शिकतोय. ‘दीक्सित एउम वेनीरे’चा अर्थ पुस्तकात ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’ असा दिलाय. वेनीरे वर्तमानकाळी इन्फिनिटिव्ह आहे, मग हे ‘वॉज’ कुठून आलं? पुढे वेनिस्से आलं की ‘हॅड कम’. हे काळ नक्की कसे वाचायचे?

ते ‘वॉज’ लॅटिनमधून आलेलंच नाही, ते इंग्रजीचं आहे. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की इंग्रजी पुढच्या वाक्याचा काळही मागे ढकलते. इन्फिनिटिव्हच्या या रचनेत लॅटिन तसं करत नाही, आणि मराठीही करत नाही. म्हणून माझा सल्ला असा की या प्रकरणापुरतं इंग्रजी भाषांतर झाकून ठेवा आणि थेट मराठीत वाचा.

दीक्सित म्हणजे ‘म्हणाला’. एउम म्हणजे ‘तो’, पण द्वितीयेत, कारण इन्फिनिटिव्हचा कर्ता लॅटिनमध्ये द्वितीयेत जातो. वेनीरे म्हणजे येणं. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो येतोय असं म्हणाला’. ‘म्हणाला’ भूतकाळ आणि ‘येतोय’ वर्तमानकाळ शेजारी शेजारी बसतात आणि कुणाला काही खटकत नाही. म्हणताना जे शब्द तोंडातून निघाले असतील त्यांचाच काळ आपण ठेवतो. इन्फिनिटिव्हचा काळही तेच सांगतो: म्हणण्याच्या क्षणी ती गोष्ट चालू होती, होऊन गेली होती, की व्हायची होती. आजपासून तो मोजायचा नाही, मुख्य क्रियापदापासून मोजायचा.

त्यामुळे ‘दीकित एउम वेनीरे’ म्हणजे ‘तो येतोय असं म्हणतो’ आणि ‘दीक्सित एउम वेनीरे’ म्हणजे ‘तो येतोय असं म्हणाला’. वेनीरे तसंच राहिलं, ‘येतोय’ही तसंच राहिलं. वेनिस्से असेल तर ‘तो आला असं म्हणाला’, वेन्तूरुम एस्से असेल तर ‘तो येईल असं म्हणाला’. इंग्रजीच्या सवयीनं पहिल्याला ‘तो येत होता असं म्हणाला’ केलंत, तर मराठीत अर्थच बदलतो. येणं आधीच होऊन गेल्यासारखं वाटतं, आणि त्यासाठी लॅटिनला वेनिस्सेच लागलं असतं.

खात्री करून घ्यायची असेल तर मुख्य क्रियापद भविष्यकाळात टाकून पाहा. ‘दीकेत एउम वेनिस्से’ म्हणजे ‘तो आला असं म्हणेल’. समजा हे म्हणणं पुढच्या महिन्यात व्हायचंय. येणं अजून झालेलं नसेल, उद्या होईल, तरी इन्फिनिटिव्ह भूतकाळाचं, कारण म्हणण्याच्या आधी ते झालेलं असेल.

आता खरा उतारा घेऊ, कारण बनवलेल्या वाक्यांत सगळं गुळगुळीत असतं. सीझरच्या गॉल युद्धाच्या पहिल्या पुस्तकातलं सातवं प्रकरण या कामाला फार सोयीचं आहे, त्यात तिन्ही काळ सापडतात. (उच्चार मी जुन्या रोमन पद्धतीचे लिहितोय. चर्चमधलं लॅटिन ऐकून असाल तर ‘फाकेरे’च्या जागी ‘फाचेरे’ कानावर आलं असेल.) वर्ष इसवी सनपूर्व 58. आजच्या स्वित्झर्लंडच्या भागात राहणारे हेल्वेती लोक घरंदारं सोडून पश्चिमेकडे निघालेत, आणि त्यांना रोमच्या प्रांतातून, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधून जायचंय. सीझर रोममध्ये आहे. प्रकरण असं सुरू होतं:

‘काएसारी कूम इद नून्तिआतुम एस्सेत, एओस पेर प्रोविन्किआम नोस्त्राम इतेर फाकेरे कोनारी, मातूरात आब उर्बे प्रोफिकिस्की...’

बातमी कळली हे ‘नून्तिआतुम एस्सेत’ सांगतं. बातमी काय, ते एओस आणि कोनारी या जोडीत आहे: एओस म्हणजे ‘ते’, द्वितीयेत, कोनारी म्हणजे प्रयत्न करणं, वर्तमान इन्फिनिटिव्ह. रूप कर्मणी दिसतं, पण हा धातू अर्थानं कर्तरीच आहे. मराठीत: ‘ते आपल्या प्रांतातून वाट काढायचा प्रयत्न करताहेत अशी बातमी सीझरला कळली, तेव्हा तो घाईनं शहरातून निघाला.’ (मूळात ‘मातूरात’ वर्तमानात आहे, गोष्ट सांगताना आपणही ‘निघतो’ म्हणतोच.) ‘त्यांनी प्रयत्न केला होता’ असं वाचलं, तर सीझरची घाई निरर्थक ठरते. काम सुरू आहे म्हणून तो धावतोय.

याच वाक्यात आणखी दोन इन्फिनिटिव्ह आहेत, आणि गडबड बहुतेक तिथेच होते. ‘फाकेरे’ कोनारीला लागलंय, ‘करायचा प्रयत्न’ मधल्या ‘करायचा’सारखं. ‘प्रोफिकिस्की’ मातूरातला लागलंय: ‘निघायची घाई करतो’. या दोघांना स्वतःचा द्वितीयेतला कर्ता नाही. शेजारचं ‘इतेर’ द्वितीयेत आहे खरं, पण ते कर्म आहे, वाट काढली जाते, वाट काही काढत नाही. तेव्हा इन्फिनिटिव्ह दिसलं की लगेच ‘असं’ लावू नका. आधी म्हणणं, कळणं, वाटणं, आठवणं अशा अर्थाचं क्रियापद शोधा, मग हे करणारा द्वितीयेत कोण बसलाय ते पाहा. दोन्ही मिळाले तरच ‘असं’ किंवा ‘की’.

पुढे सीझर वाट का द्यायची नाही याचं कारण देतो. त्याच्या लक्षात होतं, ‘मेमोरिआ तेनेबात’, आणि काय लक्षात होतं ते असं:

‘लूकिउम कास्सिउम कोन्सुलेम ओक्कीसुम एक्सेर्कितुमक्वे एयुस आब हेल्वेतिईस पुल्सुम एत सुब युगुम मिस्सुम’

इथे इन्फिनिटिव्ह दिसतच नाही. ओक्कीसुम, पुल्सुम, मिस्सुम ही तीन रूपं आहेत, आणि प्रत्येकापुढचं ‘एस्से’ गाळलंय. लॅटिन लेखक ते सर्रास गाळतात. नवखा वाचक मग ‘मारल्या गेलेल्या कास्सिउसला लक्षात ठेवलं’ अशा वाटेनं जातो, आणि तीन रूपं झाली तरी वाक्य पुरं होत नाही म्हणून अडकतो. ‘एस्से’ मनात भरा, म्हणजे भूतकाळी कर्मणी इन्फिनिटिव्ह तयार: ‘कॉन्सल लूकिउस कास्सिउस मारला गेला, त्याची फौज हेल्वेतींनी पिटाळली आणि जुवाखालून जायला लावली, हे त्याच्या लक्षात होतं.’ जू म्हणजे भाल्यांची बुटकी चौकट. हरलेल्यांना वाकून तिच्याखालून काढत, त्यांची नाचक्की व्हावी म्हणून. ही घटना इसवी सनपूर्व 107 मधली, म्हणजे ‘तेनेबात’च्या बरीच आधीची, आणि म्हणूनच इन्फिनिटिव्ह भूतकाळाचं.

इथे ‘मारला गेला’ म्हणायचं की ‘मारला गेला होता’? दोन्ही चालतील. लॅटिनकडे साध्या वाक्यात भूतकाळाचे तीन प्रकार आहेत: झालं, होत होतं, झालं होतं. इन्फिनिटिव्हमध्ये मात्र तिघांना मिळून एकच रूप. ‘दीक्सित एउम वेनिस्से’चं मूळ वाक्य ‘आला’, ‘येत होता’ किंवा ‘आला होता’ यांपैकी काहीही असू शकतं. हा फरक रूपात शोधू नका, तिथे तो नाही. आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवावा लागतो, आणि कधीकधी ठरतच नाही.

आठवण्याचा विषय निघालाच आहे तर एक अपवाद सांगतो. ‘मेमिनी’, म्हणजे ‘मला आठवतं’, या क्रियापदाबरोबर स्वतः पाहिलेली, अनुभवलेली गोष्ट असेल तर लॅटिन बहुधा वर्तमान इन्फिनिटिव्ह वापरतं. ‘मेमिनी ते दीकेरे’ म्हणजे ‘तू म्हणत होतास ते मला आठवतंय’. म्हणणं जुनं आहे, तरी आठवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते चालू आहे. ऐकीव गोष्ट असेल तर भूतकाळी इन्फिनिटिव्ह. सीझरनं वापरलेला शब्दप्रयोग ‘मेमिनी’ नाही, पण कास्सिउसची गोष्ट त्याच्यासाठी ऐकीवच होती. त्याचा जन्मच इसवी सनपूर्व 100 मधला.

त्याआधीच हेल्वेतींचे वकील, म्हणजे दूत, येऊन वाट मागून चुकलेले असतात. सीझरला सैन्य गोळा व्हायला वेळ हवा असतो, म्हणून तो उत्तर देतो:

‘लेगातीस रेस्पोन्दित दिएम से आद देलीबेरान्दुम सूम्प्तूरुम’

पुन्हा ‘एस्से’ गायब. सूम्प्तूरुम एस्से हे भविष्य इन्फिनिटिव्ह, आणि उत्तर देण्याच्या क्षणापासून पुढचं. ‘विचार करायला आपण वेळ घेऊ, असं त्यानं वकिलांना उत्तर दिलं.’ इंग्रजीत इथे ‘वुड’ येतं, मराठीला त्याची गरज नाही. ‘से’साठी मराठीत आयता ‘आपण’ आहे: बोलणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर ‘से’, दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असेल तर ‘एउम’. ‘दीक्सित से वेनीरे’ म्हणजे ‘आपण येतोय असं तो म्हणाला’. सीझरच्या वाक्यात ‘दिएम’ आणि ‘से’ दोन्ही द्वितीयेत आहेत, आणि सूम्प्तूरुम हे पुल्लिंगी एकवचनी रूप दोघांशीही जुळतं. रूपावरून निकाल लागत नाही, अर्थावरून लागतो, कारण दिवस काही सीझरला घेणार नाही.

लगेच पुढचं ‘काही हवं असेल तर 13 एप्रिलला परत या’ हे मात्र इन्फिनिटिव्हमध्ये नाही. ती आज्ञा आहे, आणि कुणाची आज्ञा सांगताना लॅटिन क्रियापदाचं वेगळं रूप, म्हणजे सब्जंक्टिव्ह वापरतं. तिथे इन्फिनिटिव्ह शोधत बसू नका.

वेळ घेऊन सीझरनं काय केलं? जिनिव्हाच्या सरोवरापासून ज्युरा पर्वतापर्यंत 19 रोमन मैलांची तटबंदी उभारली. ठरल्या दिवशी वकील परत आले, तेव्हाचं आठव्या प्रकरणातलं वाक्य तुम्ही आता स्वतः सोडवा. त्याचा मुख्य भाग ‘नेगात से’नं सुरू होतो आणि ‘असं’ लागणारी ‘पोस्से’ व ‘प्रोहिबितूरुम’ ही दोन इन्फिनिटिव्ह त्यात आहेत. नेगात म्हणजे ‘नाही म्हणतो’, त्यातला नकार मराठीत आतल्या वाक्यात न्यावा लागेल: ‘आपण वाट देऊ शकत नाही असं म्हणतो’. आणि प्रोहिबितूरुमपुढे ‘एस्से’च नाही, ‘से’सुद्धा गाळलंय, ते आधीच्या ‘से’वरूनच घ्यायचं.