प्रमाण, काटकसर आणि कसर

प्रश्न : "'इकॉनॉमीज ऑफ स्केल'ला पुस्तकात 'प्रमाणाच्या बचती' दिलंय, आमचे सर 'मोठ्या प्रमाणावरील काटकसर' म्हणतात. बरोबर कुठलं? आणि त्याच्या उलट असतं त्याला काय म्हणायचं?" (बी.ए. दुसरं वर्ष, कोल्हापूर)

काटकसर तर नाहीच. काटकसर म्हणजे आहे त्यात भागवणं, पोटाला चिमटा काढणं. कारखाना मोठा बांधल्यामुळे टनामागे खर्च उतरतो, तेव्हा कुणी चिमटा काढलेला नसतो. उलट आधी भरमसाट पैसा ओतलेला असतो. 'मितव्यय' सुचवणारे विद्वान हेच सोवळं नेसून सांगतात, त्यांना वेगळं उत्तर देत नाही.

पण माझा खरा राग 'प्रमाण'वर आहे. त्याच पुस्तकात चार पानं मागं जा, 'बदलत्या प्रमाणांचा नियम' सापडेल. तिथं जमीन तेवढीच राहते आणि मजूर वाढत जातात, म्हणजे प्रमाण हे दोन घटकांमधलं गुणोत्तर. 'प्रमाणाच्या बचतीं'त मात्र सगळेच घटक वाढतात आणि प्रमाण म्हणजे आकार. नेमक्या ज्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या, त्यांनाच एक नाव! त्याची फळं बाहेर दिसतात. शिरोलीतल्या एका फाउंड्रीवाल्यानं माझाच चहा पिऊन मला ऐकवलं, "दुसरी पाळी लावली, नगामागं खर्च उतरला, हेच की तुमचं स्केल." अहो, भट्टी तीच, शेड तीच, बँकेचा हप्ता तोच. तो हप्ता जास्त नगांवर वाटला गेला, एवढंच. हा अल्पकाळाचा हिशेब झाला. दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र काढायचा तो भट्टी विकत घ्यायच्या आधी, केवढी घेऊ हे ठरत नसताना. त्या वक्रावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे वेगळ्या आकाराचा कारखाना, आपापल्या परीनं स्वस्तात स्वस्त चालवलेला. म्हणून मी 'आकारमानाच्या बचती' म्हणतो.

आता 'कसर'. प्रश्न यासाठी नव्हता, ठाऊक आहे. 'काटकसर'मधला 'काट' आपल्या कापण्याच्या घराण्यातला आणि 'कसर' अरबी. अरबीत 'कस्र' म्हणजे मोडणं, तुकडा पडणं, आणि गणितात अपूर्णांक. त्यावरून मराठीत कमीपणा, उणीव आली : कसर भरून काढली, कसर ठेवली नाही. आणि गंमत अशी की मोठ्या कारखान्याच्या स्वस्ताईचं मूळ खरोखर एका अपूर्णांकात आहे. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा : आत आठपट रस मावतो, पत्रा मात्र चौपटच लागतो. सगळीच यंत्रं टाकीसारखी नसतात, पण खर्चाचे अंदाज काढणाऱ्या इंजिनिअरांचा एक जुना ठोकताळा आहे : क्षमता जितकी पट, खर्च त्या पटीच्या ०.६ घाताइतका. क्षमता दुप्पट केली तर खर्च साधारण दीडपट. घात पुरा १ असता तर बचत शून्य. ही ०.४ ची कसर म्हणजेच आपली बचत!

गुऱ्हाळात ही कसर मिळत नाही, आणि का ते काहिलीपाशी उभं राहिलं की कळतं. काहील पसरट असते. आच तळातून लागते, वाफ वरच्या पृष्ठभागावरून जाते, म्हणजे काम क्षेत्रफळाचं, घनफळाचं नव्हे. खोली वाढवावी तर? एका गुळव्यानं मला हात झटकूनच सांगितलं, "खोल क्येली की आधण लवकर उतरत न्हाई, गूळ काळा पडतोय." बरोबर आहे. रस जास्त वेळ तापत राहिला की त्यातली साखर फुटते, रंग जातो आणि रवा नीट बसत नाही. मग वाढायचं कसं? शेजारी दुसरं चुलवाण, दुसरी काहील, दुसरा गुळव्या. खर्चही दुप्पट, गूळही दुप्पट. वक्र जवळपास आडवा.

साखर कारखान्यात एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळवते, तिची वाफ त्याच्या पुढच्याला. चार भांड्यांच्या मालिकेत एक किलो वाफ चार किलोंच्या आसपास पाणी उडवते. गुऱ्हाळाची वाफ आभाळात जाते. पण दोन काहिलींपुरती अशी मालिका कोण बांधणार?

मग कारखाना वाढवतच का नेत नाहीत? पुस्तकं इथं 'व्यवस्थापनाचा ताण' एवढंच लिहून मोकळी होतात, जणू साहेबाचं डोकं दुखलं म्हणून वक्र वर वळतो. मला डोक्यापेक्षा रस्त्यावरची ट्रॉली पटते. ऊस शेतात असतो आणि शेत पसरलेलं असतं. चौपट ऊस हवा तर चौपट मुलूख, म्हणजे दुप्पट त्रिज्या आणि सरासरी दुप्पट लांबून वाहतूक. इथंही घात अपूर्णांकातच, अर्धा, पण उलट्या बाजूनं.

हिशेब करून बघू, आकडे समजुतीचे. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याला टनामागे यंत्रसामग्रीचा खर्च ४०० रुपये आणि वाहतूक ६० रुपये धरा, एकूण ४६०. रोज १०,००० टनांचा बांधला तर यंत्रांचा वाटा ०.६ च्या ठोकताळ्यानं २३० वर उतरतो, वाहतूक १२० होते : ३५०. २०,००० टनांना १७४ आणि १७० : ३४४. ४०,००० ला १३२ आणि २४० : ३७२. खाली गेलेला वक्र वर आला, आणि तळ १०,००० ते २०,००० च्या दरम्यान जवळजवळ सपाट निघाला. फळ्यावर काढतात तसा टोकदार 'यू' इथं नाही, बशी आहे. त्या बशीत कारखाना दुप्पट करून टनामागे सहा रुपये सुटतात. मधल्या काळात तोडलेला ऊस उन्हात थांबला तर साखर उतरते, ते मी धरलेलंच नाही. ते धरलं तर तळ आणखी डावीकडे सरकेल. शिवाय आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि उसाच्या बिलातून कापतो, त्यामुळे उजवीकडचा चढ आधी शेतकऱ्याला जाणवतो.

हां, उलट्या शब्दाचं राहिलंच. 'अबचत' ऐकलं की मला 'अजेवण' आठवतं. 'आकारमानाचे तोटे' म्हणा. मला स्वतःला इथंही 'कसर'च आवडते : जुन्या पोथीला, ट्रंकेतल्या शालूला लागते ती. शब्द एकच, वक्राच्या डावीकडे काटलेली कसर, उजवीकडे लागलेली कसर. आमच्या मित्रमंडळात हे कुणालाच पटलेलं नाही.

परीक्षेत मात्र पुस्तकातलंच 'प्रमाणाच्या बचती' लिहा. सर काटकसर म्हणत असले तरी मार्क कापणार नाहीत.