मावशींना काम सांगताना

प्रिय सिस्टर,

काल फोनवर म्हणालीस, इव्हिनिंगला बावीस पेशंट, मदतीला एकच मावशी, कुठलं काम त्यांना द्यायचं तेच कळत नाही. काम सोपवतानाच्या पाच योग्य गोष्टी तुला पाठ आहेत: काम, परिस्थिती, व्यक्ती, सूचना, देखरेख. घाईत त्यातली परिस्थिती सगळ्यात आधी निसटते, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

तुझ्या वयाची असताना मी पुण्यातच एका सर्जिकल वॉर्डला होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, सकाळी स्पायनल दिलेलं. संध्याकाळी त्यांना बाथरूमला जायचं होतं. मी इंजेक्शनं भरत होते, मान वर न करताच मावशींना म्हटलं, "आजोबांना जरा नेऊन आणा." मावशी जुन्या, रोज कितीतरी जणांना न्यायच्या. दारापाशी आजोबांना घेरी आली. मावशींनी कमरेला धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

काम मावशींचंच होतं आणि त्या ते उत्तम करायच्या. पण ऑपरेशननंतरचं ते पहिलंच उठणं होतं. स्पायनलचा असर, दिवसभराचा उपास, त्यात बीपीची गोळी; अशा माणसाला उभं केलं की रक्त पायांत उतरतं आणि प्रेशर पडतं. तो उठू शकेल का, हे तपासून ठरवणं आपलं काम, ते सोपवता येत नाही.

म्हणून पहिल्या वेळी तू स्वतः जा. पायांत ताकद आणि संवेदना परत आली का बघ, झोपलेले असताना बीपी घे. मग पाय खाली सोडून काठावर बसव. उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा बीपी घे, मावशींना दुसऱ्या बाजूला उभं कर. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर परत झोपव आणि डॉक्टरांना कळव. हे नीट पार पडलं की पुढच्या खेपेला मावशी नेतील. मात्र त्या आजच ओपीडीतून पाठवलेल्या नवख्या असतील, तर तेव्हाही तू सोबत राहा.

सूचना देताना नुसतं "लक्ष ठेवा" म्हणू नकोस. असं सांग: "मावशी, सात नंबरच्या आजोबांना साडेआठला बाथरूमला न्या. आधी दोन मिनिटं काठावर बसवा. गरगरलं किंवा घाम आला तर उठवू नका, बेल दाबा, त्यांना एकटं सोडून मला शोधायला येऊ नका. आतून कडी लावू देऊ नका. लघवी झाली का, ते मला येऊन सांगा." मग त्यांच्याकडून एकदा म्हणवून घे. वयाने मोठ्या आहेत म्हणून संकोच वाटेल. "माझं काही सांगायचं राहिलं का, बघता का मावशी?" असं विचारलंस की त्याही मोकळेपणाने बोलतील.

पावणेनऊपर्यंत निरोप आला नाही, तर तूच बेडपाशी जा. "लघवी झाली नाही" असं मावशी म्हणाल्या, तर ओटीपोट चाचपून मूत्राशय फुगलंय का ते बघणं पुन्हा तुझ्याकडे आलं. स्पायनलनंतर लघवी अडते.

तुझी,
जुनी इनचार्ज