गाण्यावर क्लेम आला? आधी हे बघा

घाबरू नका. कंटेंट आयडी, म्हणजे व्हिडिओतलं दुसऱ्याचं गाणं आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा; तिचा क्लेम म्हणजे चॅनेलवरचा कॉपीराइट स्ट्राइक नव्हे. व्हिडिओ बहुधा चालू राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. काही वेळा मात्र तो काही देशांत दिसेनासा होतो.

यूट्यूब स्टुडिओत क्लेमचा तपशील उघडा. गाणं 0:40 ते 1:10 असेल, तर तेवढ्याच भागावर Erase song वापरून बघा. तुमचं बोलणं बहुतेक वेळा शाबूत राहतं, पण नंतर नक्की ऐकून घ्या. जमलं नाही तर Replace song.

नवखे इथेच चुकतात: ‘श्रेय दिलंय’, ‘दहाच सेकंद वापरलं’ म्हणून डिस्प्यूट टाकतात. ही कारणं चालत नाहीत. परवान्यासारखा ठोस आधार हातात असेल तरच टाका; दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात.