अहवालातला सर्वांत लहान आकडा

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही अहवाल मिळाले. नसबंदी झालेली सात वर्षांची कुत्री, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा थेंब थेंब होणारी रक्तमिश्रित लघवी, आणि ताज्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू. एनरोफ्लॉक्सासिनचा एमआयसी ०.०६ आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचा ४ आला आहे, दोघांपुढे ‘एस’, म्हणजे जिवाणू औषधाला दबतो अशी खूण आहे, तेव्हा आकडा लहान असलेले औषध द्यावे का, असे तू विचारले आहेस. याच प्रश्नाला नीट उत्तर देतो, कारण अहवाल वाचताना सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

एमआयसी म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणूची डोळ्यांना दिसेल अशी वाढ थांबवणारे औषधाचे किमान प्रमाण, दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये. मात्र कुत्र्याच्या शरीरात प्रत्येक औषध वेगवेगळ्या पातळीपर्यंत पोहोचते, म्हणून प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र ठरवलेली असते. एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीतल्या आकड्याशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. तो त्याच औषधाच्या मर्यादेशी ताडायचा असतो. मूत्राशयाच्या संसर्गात अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची मर्यादा ८ आहे, म्हणून ४ हा ‘एस’. कुत्र्याच्या त्वचेच्या संसर्गात याच जोडीची मर्यादा अवघी ०.२५ आहे, म्हणजे हाच जिवाणू जखमेतून आला असता, तर हेच औषध निरुपयोगी ठरले असते. हा फरक मूत्रपिंडांमुळे पडतो: ती औषध लघवीत साठवत जातात आणि तिथली पातळी रक्तापेक्षा कितीतरी वर जाते. साहजिकच या ‘एस’वर फक्त मूत्राशयापुरताच विश्वास ठेवायचा. कुत्रीला ताप असेल, ती खात नसेल, संसर्ग मूत्रपिंडात शिरल्याची शंका असेल, तर हा ४ तुला फसवेल, कारण तिथे औषधाला लघवीत नव्हे तर ऊतींत पोहोचायचे असते.

आता दोन्ही अहवाल शेजारी ठेव. खरी माहिती या तुलनेत आहे. पहिल्यात साधे अमॉक्सिसिलिन ‘एस’ होते आणि तू तेच दिलेस, ते योग्यच होते. दुसऱ्यात तेच ३२ किंवा त्याहून अधिक, म्हणजे ‘आर’, प्रतिरोधक, पण क्लॅव्ह्युलॅनेट जोडल्यावर ४. हा जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करून अमॉक्सिसिलिन मोडतो आणि क्लॅव्ह्युलॅनेट त्या विकराला अडकवते, असे ही जोड-ओळ सांगते. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स ही प्रतिजैविकेही ‘आर’ असती, तर अधिक व्यापक विकराचा संशय घ्यावा लागला असता. इथे ती ‘एस’ आहेत.

औषधाने जिवाणूला प्रतिकार शिकवला, असे आपण सहज बोलून जातो, पण घडते ते वेगळे. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले की ते आतड्यातल्या जिवाणूंवरही काम करते. तिथे आधीपासून थोडेसे असलेले प्रतिरोधक ई. कोलाय तेवढे उरतात, वाढतात, आणि त्वचेवरून मूत्रमार्गात चढतात. प्रतिरोधाची जनुके बहुधा प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतात, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असली, तर एक औषध दिल्याने सगळ्यांविरुद्धचा प्रतिरोध निवडला जातो. म्हणूनच एनरोफ्लॉक्सासिन चालत असले, तरी साध्या मूत्राशयदाहासाठी ते खर्चू नये. अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या इमिपेनेमच्या ओळीतला ‘एस’ तर निवडीसाठी नसतोच. तो वाचायचा आणि पुढे जायचे.

दोन अहवालांतल्या बदललेल्या आकड्यांवरून हा बहुधा नवा संसर्ग वाटतो. जुनाच जिवाणू दडून राहिला असता, तर त्याच्या एमआयसींची रांग जवळपास तशीच दिसायला हवी होती. याला पक्का पुरावा मात्र मानू नकोस, कारण जुन्या जिवाणूलाच मधल्या काळात प्लाझ्मिड मिळालेला असू शकतो.

तेव्हा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ३ ते ५ दिवस दे. महिनाभर देण्याची जुनी सवय इथे आतड्यातली निवड तेवढी लांबवेल. त्याच वेळी संसर्ग पुन्हा येण्याचे कारण शोध: योनिमुखाभोवतीची दुमडलेली त्वचा बोटांनी उघडून पाहा, खड्यासाठी क्ष-किरण आणि अल्ट्रासाउंड कर, लघवीत साखर तपास. दुसऱ्या वेळचा नमुना तू सुईने थेट मूत्राशयातून घेतलास, हे चांगले केलेस. जमिनीवरून उचललेल्या लघवीवर इतका विचार करणे वाया गेले असते. पुढचा नमुना लगेच पाठवता येणार नसेल, तर शीतकपाटात ठेव, नाहीतर वाटेतच जिवाणू वाढून मोजणी फुगते.

उपचारानंतर कुत्री सहज लघवी करत असेल, रक्त थांबले असेल आणि तरीही कल्चरमध्ये काही वाढले, तर त्या अहवालावर उपचार करू नकोस. मालकाला तसे स्पष्ट सांग, कारण तो कागद हातात पडल्यावर गोळ्या मागेलच.

तुझा,
वरिष्ठ सहकारी